कालथा स्टीलचा, पॅन कशाचा?

आमच्या फ्लॅटमध्ये एकाच वस्तूला तीन नावं आहेत. मी तिला उलथनं म्हणते, मालवणची रूममेट कालथा म्हणते आणि अमरावतीची सराटा. चौथी कोल्हापूरची, ती नुसतंच ‘ते दे गं’ म्हणते. नाव काहीही घ्या, वस्तू स्टीलची आहे, चपट्या तोंडाची आहे आणि तिने कढईचा तळ खरवडला नाही तर आमच्यापैकी एकीलाही स्वयंपाक केल्यासारखं वाटत नाही. लाकडी चमचा आम्ही दोनदा आणला. एक फोडणीत जळला, दुसऱ्याने आता कुंडीतली माती उकरतो.

तुम्हीही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर राहत असाल, तर पुढचं ओळखीचं वाटेल. फ्लॅट घेतल्यावर कॉन्ट्री काढून आम्ही पहिली खरेदी केली ती नॉन-स्टिक पॅनची. काळा, गुळगुळीत, हलका. पहिला महिना अंडं पॅनवरून घसरायचं. दुसऱ्या महिन्यात मधोमध बारीक रेघा दिसायला लागल्या. आठव्या महिन्यात तळाला चांदीच्या रंगाचा ठिपका उघडा पडला आणि भुर्जी नेमकी तिथेच चिकटायला लागली. त्यावरून घरात भांडण झालं. ‘मोठ्या आचेवर कोण ठेवतं’ आणि ‘सराटा कोण वापरतं’ असे दोन पक्ष होते, आणि गंमत म्हणजे दोन्ही पक्षांचं बरोबर होतं.

भांडण मिटवण्यासाठी मी थोडा अभ्यास केला, दुकानं पालथी घातली आणि तीन वेगवेगळी भांडी एकाच शेगडीवर वापरून पाहिली. प्रश्न साधाच ठेवला होता. रोज मोठी आच आणि हातात स्टीलचा कालथा, या दोन्ही सवयी सुटणार नसतील तर पॅन कशाचा घ्यायचा?

नॉन-स्टिक नेमका कुठे हरतो?

नॉन-स्टिकच्या पॅनवर जो काळा थर असतो, तो बहुतेक वेळा पीटीएफई नावाच्या प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचा असतो. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला तो १९३८ मध्ये अपघाताने सापडला. त्याला जवळपास काहीच चिकटत नाही, आणि नेमका हाच त्याचा प्रॉब्लेमही आहे. तो स्वतःही धातूला सहज चिकटत नाही. म्हणून आधी पॅनचा पृष्ठभाग खरखरीत करतात, त्यावर पकड देणारा थर देतात आणि मग हे कोटिंग भाजून बसवतात. एवढं करूनही सगळ्या थरांची मिळून जाडी माणसाच्या केसापेक्षा कमीच भरते. स्टीलचा कालथा त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. त्यामुळे कालथ्याची कड जिथे जिथे दाबली जाते, तिथे चर पडतो. चरातून तेल-मसाला आत शिरतो, पुढच्या वेळी तिथेच जळतो आणि कडेचं कोटिंग उचलतो. आमच्या पॅनवरचा ठिपका असाच मोठा होत गेला.

निघालेला तुकडा पोटात गेला तर काय, याची भीती सगळ्यांना असते. पीटीएफई पोटात विरघळत नाही आणि कशाशी रिअॅक्टही होत नाही, त्यामुळे बारीक कपची जशी आत गेली तशीच बाहेर पडते. काळजी करायची ती आचेची. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे हे कोटिंग खराब व्हायला लागतं आणि ३५० च्या वर गेलं की वेगाने विघटन होऊन विषारी वाफा निघतात. त्या वाफांनी माणसाला फ्लूसारखा ताप आणि कणकण येऊ शकते. पिंजऱ्यातले पक्षी तर त्याने मरतात, कारण त्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. घरात लव्हबर्ड्स असतील तर ही ओळ दोनदा वाचा.

आता तुम्ही म्हणाल, २६० अंश म्हणजे खूप झाले, आपण कुठे एवढं तापवतो? थोडा हिशेब करू. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल साधारण २३० अंशांच्या आसपास धूर सोडतं. म्हणजे पॅनमधल्या तेलातून धूर निघाला तेव्हा तुम्ही धोक्याच्या रेषेपासून फक्त ३० अंश मागे आहात. आणि आपली फोडणी? ‘तेल कडकडीत तापू द्या’ इथूनच तिची सुरुवात होते. त्यात पॅन रिकामा ठेवून कांदा चिरायला बसायची सवय. अॅल्युमिनिअमचा हलका पॅन मोठ्या बर्नरवर रिकामा ठेवला, तर तीन-चार मिनिटांत ही रेष ओलांडू शकतो. आत तेल नसल्यामुळे धूरही दिसत नाही, म्हणजे इशारा देणारंही कुणी नाही.

दुकानात ‘पीएफओए-फ्री’ असं लेबल मोठ्या अक्षरांत दिसतं. ते वाचून आम्हीही पॅन उचलला होता. पीएफओए हे रसायन पूर्वी हे कोटिंग तयार करताना वापरलं जायचं आणि ते घातक असल्यामुळे २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं. ते वापरलेलं नाही ही चांगलीच गोष्ट आहे. पण हे लेबल पॅन कसा बनवला ते सांगतं. पॅन किती आच सोसेल आणि कालथ्याने किती ओरखडेल, याबद्दल ते एक शब्दही बोलत नाही.

तर नॉन-स्टिक वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. मंद ते मध्यम आच, लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा, डोसा, ऑम्लेट, कमी तेलातलं काहीतरी. आमच्या घरात यातलं काहीच होत नव्हतं.

हार्ड अॅनोडाइज्डचा घोळ

दुसऱ्या फेरीत रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलो. ‘काका, स्टीलचा चमचा चालेल असा पॅन द्या,’ असं म्हटल्यावर दुकानदार काकांनी दोन कढया समोर ठेवल्या. दोन्ही बाहेरून गडद राखाडी. दोन्हींच्या खोक्यावर ‘हार्ड अॅनोडाइज्ड’ लिहिलेलं. एकीची किंमत कमी, आतून चकचकीत काळी. आम्ही तीच उचलली. काका हसले आणि म्हणाले, ‘पोरींनो, ही आतून नॉन-स्टिकच आहे.’

बहुतेक जण इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हार्ड अॅनोडायझिंग म्हणजे वरून दिलेला रंग किंवा कोटिंग नाही. अॅल्युमिनिअमचं भांडं थंडगार, शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या सल्फ्युरिक अॅसिडच्या द्रावणात बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. मग भांड्याच्या पृष्ठभागावरच्याच अॅल्युमिनिअमचं ऑक्साइड होतं. हा थर अर्धा धातूच्या आत आणि अर्धा बाहेर वाढतो. म्हणजे तो चिकटवलेला नसतो, उगवलेला असतो, त्यामुळे कोटिंगसारखा सोलून निघत नाही. माणिक आणि नीलम ही रत्नंसुद्धा अॅल्युमिनिअम ऑक्साइडचीच असतात. भांड्यावरचा थर रत्नाइतका कठीण नसला, तरी तुमच्या स्टीलच्या चमच्यापेक्षा कठीण असतो. म्हणून साध्या हार्ड अॅनोडाइज्ड कढईत स्टीलचा चमचा चालतो.

पण कंपन्या अशाच भांड्याच्या आतून पुन्हा नॉन-स्टिक कोटिंग देतात आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘हार्ड अॅनोडाइज्ड’ लिहितात. यात खोटं काही नसतं. बाहेरची बाजू खरंच हार्ड अॅनोडाइज्ड असते. चमचा मात्र फिरतो आत.

मग ओळखायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे खोक्याची मागची बाजू वाचा. ‘फक्त लाकडी चमचा वापरा’ असं असेल तर आत कोटिंग आहे. घरातल्या जुन्या भांड्यावर खोकं नसेल तर आत पाण्याचे चार थेंब टाका. कोटिंग असेल तर पाणी मोत्यासारखं गोळा होऊन पळतं. साध्या हार्ड अॅनोडाइज्डवर ते पसरतं. भांडं स्वच्छ असायला हवं, तेलकट असेल तर ही परीक्षा फसते.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती मला सगळ्यात आवडली. साध्या हार्ड अॅनोडाइज्ड कढईत त्यांनी चमच्याची कड जरा दाबून ओढली. चकचकीत रेघ उठली. आम्ही दचकलो. त्यांनी ओल्या घासणीने ती पुसून टाकली. रेघ कढईला पडलेली नव्हती. कढई जास्त कठीण असल्यामुळे चमचाच झिजून त्याची धातू कढईवर उतरली होती, पाटीवर पेन्सिल उठावी तशी. तुमच्या कढईवर अशी रेघ दिसली तर नख फिरवून बघा. नख अडकलं तर खरा ओरखडा, नाही अडकलं तर चमच्याची खूण. नवी कढई घेताना दुकानात मात्र हा प्रयोग विचारूनच करा.

आम्ही साधी हार्ड अॅनोडाइज्ड कढई घेतली. तिची तक्रारही सांगते. ती नॉन-स्टिक नाही. पहिल्याच दिवशी गार कढईत गार तेल आणि त्यात अंडी फोडल्यावर भुर्जीचा अर्धा भाग तळाला राहिला. कढई आधी तापवून, मग तेल घालून, तेल तापल्यावर अंडी घातली तेव्हा पुष्कळ फरक पडला. दुसरं म्हणजे या थराला सोडा आणि तीव्र अल्कली सोसत नाही. जळकं काढण्यासाठी धुण्याचा सोडा घालून उकळवायचा उपाय स्टीलच्या पातेल्याला चालतो, इथे नाही. रंग फिका पडून पांढुरके डाग यायला लागले की थर खाल्ला जातोय असं समजा. जळलं तर साध्या पाण्यात भिजवा आणि नायलॉनच्या घासणीने घासा. टोमॅटो, चिंच, आमसूल यांना मात्र ही कढई घाबरत नाही.

आणि मग आला आजीचा तवा

दिवाळीहून परत येताना मालवणच्या रूममेटने वर्तमानपत्रात गुंडाळलेला बिडाचा तवा आणला. तिच्या आजीचा. त्यावर वर्षानुवर्षं घावनं झालेली, नारळाच्या शेंडीने तेल फिरवलेलं. काळाभोर आणि इतका गुळगुळीत की आम्हाला वाटलं, यावरही कोटिंगच आहे. आजीला आता तो उचलवत नाही, म्हणून तो नातीकडे आला.

बीड म्हणजे कास्ट आयर्न, साच्यात ओतून बनवलेलं लोखंड. भाकरीचा पातळ तवा असतो तो लोखंडी पत्र्याचा, तो वेगळा. कोल्हापूरच्या रूममेटचे वडील फाउंड्रीत आहेत. त्यांनी फोनवर समजावलं की बिडात साधारण दोन ते चार टक्के कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या बारीक पाकळ्यांसारखा आत पसरलेला असतो. या पाकळ्यांमुळे बीड ठिसूळ होतं. स्टीलचं पातेलं पडलं तर पोचा येतो, बिडाचा तवा पडला तर सरळ तुकडा पडतो. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तरी तो तडकू शकतो.

मोठ्या आचेला आणि कालथ्याला बीड का चांगलं, याची दोन कारणं आहेत.

पहिलं, त्याचं वजन. आमचा तवा २.२ किलोचा आहे आणि अॅल्युमिनिअमची कढई साधारण ७०० ग्रॅमची. दोन्ही २०० अंशांपर्यंत तापवले आणि वर गार बटाट्याचे काप टाकले, तर काप दोघांकडूनही उष्णता ओढून घेतात. समजा ३० किलोज्यूल उष्णता ओढली. हिशेब केला तर बिडाचा तवा साधारण ३० अंशांनी उतरतो आणि कढई जवळपास ५० अंशांनी. तापमान फार उतरलं की काप आपल्याच पाण्यात शिजतात, कुरकुरीत होत नाहीत. आमच्याकडे हे डोळ्यांनी दिसलं. तेच ३०० ग्रॅम काप, तेवढंच तेल, तीच शेगडी. कढईत पहिली दोन-तीन मिनिटं पाणी सुटून चुरचुर थांबली. तव्यावर ती थांबलीच नाही.

दुसरं कारण, बिडावरचा काळा थर तुम्हीच बनवलेला असतो. तेलाचा अगदी पातळ हात देऊन तापवलं की तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक, काळपट थर तयार होतो. यालाच सीझनिंग म्हणतात. कालथ्याने तोही खरवडला जातो. पण नॉन-स्टिकचा थर गेला की पॅन गेला, बिडाचा गेला तर दोन दिवसांच्या स्वयंपाकात परत येतो. उलट, गोल कडांचा सपाट कालथा रोज फिरला की वर साठलेले जळके कण निघतात आणि तवा आणखी सपाट होत जातो. टोकदार कोपऱ्याचा कालथा असेल तर कोपरे कानशीने घासून घ्या.

बिडाची कमजोर बाजू म्हणजे उष्णता पसरवणं. अॅल्युमिनिअम हे काम बिडाच्या साधारण चौपट चांगलं करतं. त्यामुळे तवा एकदम मोठ्या आचेवर ठेवला तर मधे जळतो आणि कडेला कोमटच राहतो. मध्यम आचेवर पाचेक मिनिटं तापू द्या, मधे एकदा तवा थोडा फिरवा आणि मगच आच वाढवा. तापला का हे बघायला पाण्याचा थेंब टाका. थेंब नुसता चुरचुरून आटला तर अजून वेळ आहे. गोळी होऊन तव्यावर नाचायला लागला की साधारण २०० अंशांच्या आसपास पोचलात, आता तेल घाला.

एका रात्रीत गंज

आता कबुली. तवा येऊन तीनच आठवडे झाले होते. एका रात्री त्यावर टोमॅटोची भरपूर ग्रेव्ही शिजवली, जेवण झाल्यावर तवा सिंकमध्ये पाण्यात बुडवून ठेवला आणि झोपलो. कुणी ठेवला ते सांगत नाही, कारण ती मीच होते. सकाळी तवा नारिंगी. मालवणची रूममेट काही बोलली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. आजीने इतकी वर्षं सांभाळलेला तवा आम्ही एका रात्रीत घालवला, असंच सगळ्यांना वाटलं.

खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, बीड आहे ते, मरत नाही.’ मग आम्ही जे केलं ते क्रमाने लिहिते, कारण तुमच्या घरात माळ्यावर असा एखादा गंजका तवा नक्की पडलेला असेल.

आधी तारेच्या घासणीने आणि साबणाने गंज पूर्ण घासून काढला, पाणी तांबूस यायचं थांबेपर्यंत. लगेच फडक्याने पुसला आणि मंद आचेवर ठेवून पूर्ण सुकवला, कारण बिडाच्या बारीक छिद्रांत पाणी राहतं आणि ओलसर लोखंड अर्ध्या तासातही तांबूस दिसायला लागतं. मग कोमट तव्यावर अर्धा छोटा चमचा सूर्यफूल तेल सगळीकडे चोळलं, कडांना आणि मागेही. त्यानंतर कोरड्या सुती कापडाने ते सगळं पुसून काढलं, जणू तेल चुकून लागलं होतं. हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. मग खिडक्या उघडून तवा मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटं तापवला, धूर येऊन विरेपर्यंत, दर दोन-तीन मिनिटांनी सरकवत. गार केला. हेच सगळं आणखी चार वेळा.

पहिल्या प्रयत्नात आम्ही तेल पुसलंच नव्हतं, जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं असं वाटलं. तवा गार झाल्यावर माशीच्या कागदासारखा चिकट झाला. तुमचा तवा चिकट लागत असेल तर तेल जास्त झालं आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो थर घासून पुन्हा पातळ हात द्या. आणि तव्यावर मधेच राखाडी, कोरडा डाग दिसला तर रिकामा तवा फार तापून थर जळाला आहे. त्यावरही उपाय तोच.

पाचव्या हातानंतर तवा पुन्हा काळा झाला. आजीच्या तव्याइतका गुळगुळीत नाही, ती चमक वर्षांची आहे. पण दोन आठवडे रोज बटाट्याचे काप, कांदाभजी आणि भरपूर तेलातली भेंडी केल्यावर तिसऱ्या आठवड्यात घावन सुटलं. एका बाजूने फाटलं, पण सुटलं. रूममेटने आजीला व्हिडिओ कॉल करून ते दाखवलं. आजीने घावनाकडे बघितलंच नाही, विचारलं, ‘तवो पुसून ठेवलास मां?’

चूक काय झाली होती तेही लक्षात ठेवा. टोमॅटो, चिंच, आमसूल, ताक असं आंबट बराच वेळ बिडात शिजवलं की ते सीझनिंगचा थर सोडवतं आणि पदार्थाला लोखंडी चव येते. शेवटी लिंबू पिळलं तर बिघडत नाही, पण अर्धा तास टोमॅटो आटवणं नको. वांगं, केळफूल यांसारख्या भाज्या बिडात काळ्या पडतात, कारण त्यांच्यातलं टॅनिन लोखंडाशी संयोग पावतं. खायला वाईट नाही, दिसायला वाईट. आणि साबणाबद्दल सांगायचं तर सौम्य लिक्विडने पटकन धुतलं तर थर जात नाही. थर जातो तो भिजत ठेवल्याने आणि जोरात तार घासल्याने.

मग आम्ही काय ठरवलं?

शेवटी चौघींनी मिळून आठवडाभराचा स्वयंपाक कागदावर लिहून काढला. तुम्हीही हे करून बघा, दुकानात जायच्या आधी. आमच्या १४ जेवणांपैकी आठ वेळा कोरडं आणि मोठ्या आचेचं होतं: काप, भेंडी, फ्राइड राइस, भुर्जी, पोळ्यांचा कुस्करा. पाच वेळा रस्सा, आमटी किंवा टोमॅटोची भाजी. एकदा बाहेरून मागवलेलं.

त्यावरून निर्णय आपोआप झाला. कोरड्याला बिडाचा तवा. रश्श्याला आणि आंबटाला साधी हार्ड अॅनोडाइज्ड कढई. दोन्हींत स्टीलचा कालथा बिनधास्त. नॉन-स्टिकची जागा आमच्या यादीत नव्हती, म्हणून तो पुन्हा घेतला नाही.

एकच भांडं घ्यायचं असेल तर? तुमची यादी कोरडी असेल आणि धुतल्यावर लगेच पुसायची शिस्त असेल, तर बीड. यादीत आंबट जास्त असेल, किंवा भांडी रात्रभर सिंकमध्ये पडत असतील (प्रामाणिक उत्तर द्या), तर साधं हार्ड अॅनोडाइज्ड. मनगट दुखत असेल तरीही तेच, कारण दोन-सव्वादोन किलोचा तवा एका हाताने उचलून भाजी ओतता येत नाही. आमच्याकडे तर ते दोन हातांचंच काम आहे.

पीजीमध्ये राहून इंडक्शनवर स्वयंपाक करत असाल, तर आणखी एक गोष्ट बघा. इंडक्शनला लोहचुंबक चिकटणारं बूड लागतं. बिडाला चुंबक चिकटतं, तो चालतो. फक्त पॉवर एकदम पूर्ण ठेवू नका, हळूहळू वाढवा, नाहीतर मधला भाग एकदम तापून तवा तडकण्याची भीती असते. आणि काचेवरून तो ओढूही नका. अॅल्युमिनिअमला चुंबक चिकटत नाही. त्यामुळे हार्ड अॅनोडाइज्ड घेताना खाली स्टीलची चकती बसवलेली आहे का, ते फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा. मी ते पर्समध्ये घेऊन गेले होते. काकांना त्याचं हसू आलं, पण त्यांनीच मग दुसरी कढई काढून दिली.

जुना नॉन-स्टिक पॅन अजून आमच्या ओट्याखाली आहे. टाकून द्यायचा जीव होत नाही, कारण त्याचे पैसे चौघींनी दिले होते. सध्या त्याच्यावर तव्याचं झाकण ठेवतो. तवा मात्र धुतला की लगेच शेगडीवर सुकतो आणि त्याला तेलाचा हात लागतो. तेवढं झाल्याशिवाय आमच्याकडे आता कुणी झोपत नाही, मी तर नाहीच.